व्हीपीएन ब्राउझरमध्ये, बाकीचा लॅपटॉप उघड्यावर

एप्रिल २०१६ मध्ये ऑपेरा ब्राउझरने आपल्या नव्या आवृत्तीत व्हीपीएन फुकट मिळणार असल्याचं जाहीर केलं. वेगळं अ‍ॅप नको, वर्गणी नको, एक बटण दाबलं की झालं. आदल्याच वर्षी ऑपेराने कॅनडातली सर्फइझी ही व्हीपीएन कंपनी विकत घेतली होती, त्यामुळे घोषणेत नवल काही नव्हतं. पण मिखाल श्पाचेक या चेक सुरक्षा अभ्यासकाने त्या बटणामागे काय चालतं ते तपासून पाहिलं. ब्राउझर आधी सर्फइझीच्या सर्व्हरकडून काही पत्ते आणि एक नाव-पासवर्डाची जोडी मागून घेत होता आणि मग प्रत्येक वेबपानाची मागणी त्या पत्त्यांवरून पुढे पाठवत होता. याला तंत्रज्ञ प्रॉक्सी म्हणतात. श्पाचेकचं म्हणणं सरळ होतं: हे संरक्षण फक्त ऑपेराच्या रहदारीला आहे, संगणकातल्या दुसऱ्या कशालाही नाही.

क्रोम आणि फायरफॉक्सच्या दुकानांत आज ‘व्हीपीएन’ नावाची जी एक्स्टेन्शन्स मिळतात, ती जवळजवळ सगळी याच जातीची आहेत. प्रॉक्सी असणं म्हणजे फसवणूक नव्हे. ब्राउझर आपल्या एक्स्टेन्शनला तेवढंच करू देतो, म्हणून ती तशी असतात. क्रोम एक्स्टेन्शनला एक सोय देतो: ‘यापुढे तुझी रहदारी अमुक सर्व्हरमार्फत पाठव’ असं ते क्रोमला सांगू शकतं. फक्त क्रोमला. विंडोजला किंवा शेजारच्या प्रोग्रॅमला सांगण्याचा अधिकार त्याला नसतो.

प्रत्यक्षात काय घडतं ते पाहू. तुम्ही एक्स्टेन्शन चालू करून एखादी साइट उघडता. क्रोम त्या साइटकडे न जाता आधी प्रॉक्सी सर्व्हरशी कूटबद्ध जोडणी करतो आणि त्याला साधारण असा निरोप देतो:

```
CONNECT www.example.com:443 HTTP/1.1
Host: www.example.com:443
```

सर्व्हर त्या साइटपर्यंत वाट उघडतो आणि दोन्हीकडचे बाइट इकडून तिकडे सरकवत राहतो. साइटला सर्व्हरचा आयपी पत्ता दिसतो. तुमच्या वाय-फायवाल्याला तुम्ही एका सर्व्हरशी बोलताय एवढंच कळतं, साइटचं नाव कळत नाही. सर्व्हर चालवणाऱ्याला नाव कळतं, पण साइट https असेल तर मजकूर कळत नाही. तेव्हा ब्राउझरपुरतं हे काम चोख आहे, आणि ते कुचकामी आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

व्हीपीएन अ‍ॅपचं काम एक मजला खाली चालतं. ते बसवताना संगणकात एक आभासी नेटवर्क कार्ड तयार होतं आणि मग अ‍ॅप ऑपरेटिंग सिस्टिमचा मार्ग-तक्ता बदलतं: बाहेर जाणारं सगळं या कार्डातून जाऊ दे. तिथे पोचलेलं प्रत्येक पाकीट कूटबद्ध होऊन व्हीपीएन सर्व्हरकडे रवाना होतं. पाकीट कोणत्या प्रोग्रॅमने पाठवलं हे विचारलंच जात नाही. एकत्र कुटुंबातल्या एका भावाने आपली पत्रं मामाच्या पत्त्यावरून टाकायची ठरवली, तर बाकीच्यांची पत्रं नेहमीच्याच पेटीत पडणार. अ‍ॅप मात्र घराची पेटीच बदलून टाकतं.

आता हॉटेलच्या वाय-फायवर बसलेला एक लॅपटॉप घ्या. क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालू आहे, चिन्ह हिरवं आहे, ‘Connected’ असं लिहून आलंय. क्रोमच्या टॅबमध्ये जीमेल उघडं आहे, ते प्रॉक्सीतून जातंय. दुसऱ्या टॅबमध्ये web.whatsapp.com उघडलं तर तेही प्रॉक्सीतून जाईल. पण बहुतेकांनी व्हॉट्सअ‍ॅपचं विंडोज अ‍ॅप घेतलेलं असतं, आणि ते क्रोम नाही. तेच संभाषण, तोच माणूस, पण अ‍ॅपमधला निरोप हॉटेलच्या वाय-फायवरून थेट निघतो. त्यातला मजकूर व्हॉट्सअ‍ॅपने स्वतः कूटबद्ध केलेला असतो, त्यामुळे तो कोणी वाचणार नाही. पण तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप वापरताय हे दिसतं आणि व्हॉट्सअ‍ॅपला तुमचा खरा आयपी पत्ता मिळतो. मागे वनड्राइव्ह फायली चढवत असतं, आउटलुक टपाल आणत असतं, विंडोज स्वतःचे अपडेट उतरवत असतं. यातल्या एकालाही एक्स्टेन्शनचा पत्ता नसतो. क्रोममध्ये उतरवलेली फाइल प्रॉक्सीतून येते, पण टॉरंटच्या मॅग्नेट लिंकवर टिचकी मारली की काम टॉरंटच्या प्रोग्रॅमकडे जातं आणि तिथून पुढे सगळं उघड्यावर.

बरं, क्रोमच्या आतही सगळं झाकलेलं नसतं. खासगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये, एक्स्टेन्शन आपोआप चालत नाही. त्याच्या तपशिलात जाऊन ‘Allow in Incognito’ हे बटण चालू करावं लागतं. गंमत अशी की जास्त गुप्तता हवी म्हणून माणूस नेमका तिथेच जातो. क्रोमवर दोन प्रोफाइल असतील, एक घरचं आणि एक ऑफिसचं, तर एकात बसवलेलं एक्स्टेन्शन दुसऱ्यात नसतं.

त्याहून अवघड प्रकरण व्हिडिओ कॉलचं. ब्राउझरमधले कॉल वेबआरटीसी नावाच्या तंत्राने चालतात, आणि आवाज-चित्र शक्यतो यूडीपी या पद्धतीने पाठवलं जातं, कारण एखादा तुकडा हरवला तरी कॉल अडकून पडत नाही. वर दाखवलेल्या प्रॉक्सीला यूडीपी पेलत नाही. मग ब्राउझर प्रॉक्सीला बाजूला ठेवून थेट वाट शोधू शकतो. २०१५ च्या सुरुवातीला एका छोट्या प्रात्यक्षिकाने हे जगासमोर आणलं: एखादं वेबपान कॅमेरा-माइकची परवानगी न मागता, याच यंत्रणेतून तुमचा खरा आयपी पत्ता काढून घेऊ शकत होतं. क्रोममध्ये यावर इलाज आहे. प्रॉक्सीतून न जाणारं यूडीपी बंद कर, असं एक्स्टेन्शन क्रोमला सांगू शकतं. नीट बनवलेली एक्स्टेन्शन्स ते करतात किंवा तसा पर्याय देतात, बाकीची करत नाहीत. हिरव्या चिन्हावरून हा फरक ओळखता येत नाही.

सर्व्हर बंद पडला तर काय होतं, हेही एक्स्टेन्शन कसं लिहिलंय त्यावर ठरतं. ठरावीक सर्व्हर नेमून दिला असेल तर पान उघडतच नाही आणि `ERR_PROXY_CONNECTION_FAILED` असा संदेश येतो. हा त्रास चांगला, कारण निदान कळतं तरी. पण काही एक्स्टेन्शन्स क्रोमला नियमांची छोटी यादी देतात, आणि तिच्या शेवटी `DIRECT` हा शब्द असला तर सर्व्हर न मिळाल्यास क्रोम गुपचूप थेट जातो. पान उघडतं, तुम्हाला काहीच जाणवत नाही.

कोणावरही विसंबून न राहता हे सगळं घरच्या घरी तपासता येतं. एक्स्टेन्शन चालू ठेवून क्रोममध्ये api.ipify.org उघडा, पानावर फक्त एक आयपी पत्ता दिसेल. मग विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करा:

```
curl https://api.ipify.org
```

कमांड प्रॉम्प्ट ब्राउझरच्या बाहेर आहे, त्यामुळे इथे तुमचा खरा पत्ता येईल. दोन्हीकडचे आकडे वेगळे दिसले की एक्स्टेन्शनची हद्द कळली. आता एक्स्टेन्शन बंद करून व्हीपीएन अ‍ॅप चालू करा आणि पुन्हा तेच करा. दोन्हीकडे व्हीपीएन सर्व्हरचाच पत्ता यायला हवा. मग आणखी एकदा:

```
curl https://api6.ipify.org
```

ही तपासणी आयपीव्ही६ साठी आहे, आणि आपल्याकडे ती महत्त्वाची आहे, कारण जिओच्या मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास वापरलं जातं. काही व्हीपीएन फक्त जुन्या आयपीव्ही४ चीच रहदारी उचलतात. अशा व्हीपीएनने आयपीव्ही६ अडवलंही नाही, तर ज्या साइटना आयपीव्ही६ पत्ता आहे तिकडची रहदारी बाजूने निसटते. या आज्ञेला उत्तरादाखल चूक आली तर ठीक, व्हीपीएनचा पत्ता आला तरी ठीक. तुमच्या मोबाइल कंपनीने दिलेला पत्ता आला तर अ‍ॅप गळतंय.

‘सिस्टिमभर’ या शब्दावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये, कारण सिस्टिम शेवटी ज्याने बनवली त्याचीच. २०२० च्या अखेरीस आलेल्या मॅकओएस बिग सरमध्ये अ‍ॅपलने स्वतःच्या पन्नासेक अ‍ॅप्सची एक यादी ठेवली होती; त्यांच्या रहदारीला बाहेरच्या कंपन्यांचे फायरवॉल आणि काही व्हीपीएन हात लावू शकत नव्हते. टीका झाल्यावर पुढच्या वर्षी ११.२ या आवृत्तीत ती यादी काढली गेली. अँड्रॉइडमध्ये ‘Block connections without VPN’ अशी सोय आहे, आणि ती चालू केली की व्हीपीएनशिवाय काहीच बाहेर जात नाही असं नावावरून वाटतं. पण इंटरनेट चालू आहे का हे पाहण्यासाठी फोन जी छोटी चौकशी करतो, ती तरीही व्हीपीएनबाहेरून जाते, हे मुलव्हाद या स्वीडिश व्हीपीएन कंपनीने २०२२ मध्ये दाखवून दिलं. तरीही ती सोय चालू ठेवावी असंच मी सांगेन. एका चौकशीपेक्षा व्हीपीएन मध्येच तुटल्यावर सगळी अ‍ॅप्स उघडी पडणं कितीतरी वाईट.

एका बाबतीत मात्र एक्स्टेन्शनचा हात अ‍ॅपपेक्षा लांब पोचतो, आणि ती आपल्या फायद्याची नाही. फोनवरच्या व्हीपीएन अ‍ॅपला https ची रहदारी कूटबद्धच दिसते. एक्स्टेन्शन ब्राउझरच्या आत बसलेलं असतं, जिथे पान उलगडून डोळ्यांसमोर मांडलेलं असतं. सर्व साइटवरची माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी त्याने मागितली आणि तुम्ही दिली, तर बँकेच्या पानावरची शिल्लकही त्याला वाचता येते. FreeVPN.One हे एक लाखाहून अधिक ठिकाणी बसवलेलं क्रोम एक्स्टेन्शन, लोक पाहत असलेल्या पानांचे स्क्रीनशॉट घेऊन आपल्या सर्व्हरवर पाठवत असल्याचं कॉइ सिक्युरिटी या कंपनीच्या अभ्यासकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये उघड केलं. नुसती प्रॉक्सी बदलायला इतक्या परवानगीची गरज नसते. म्हणून बसवण्याआधी येणारी परवानगीची चौकट वाचायची, आणि जास्त काही मागत असेल तर कारण शोधायचं.

मग एक्स्टेन्शन केव्हा घ्यावं? काम खरोखर ब्राउझरमध्येच संपत असेल तेव्हा. एखाद्या परदेशी वर्तमानपत्राची तिकडची आवृत्ती वाचायची आहे, आणि त्याच वेळी बँकेचं अ‍ॅप, प्रिंटर, ऑफिसचं नेटवर्क नेहमीच्या वाटेने चालू राहायला हवं आहे, तर एक्स्टेन्शन अ‍ॅपपेक्षा सोयीचं पडतं. फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन प्रत्येक मागणीपुरता वेगळा निर्णय घेऊ शकतं, म्हणजे एक साइट प्रॉक्सीतून आणि दुसरी थेट, असंही जमतं. वाय-फायच अनोळखी असेल, तर मात्र लॅपटॉपवर अ‍ॅपच हवं. फोनवर तर बहुतेकांपुढे दुसरा पर्याय नाहीच, कारण अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत.

फोनच्या बाबतीत एक गैरसमज मात्र वारंवार भेटतो. फोनवर व्हीपीएन चालू आहे, वर किल्लीचं चिन्ह दिसतंय, म्हणून लोक त्याच फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडतात आणि लॅपटॉपही आता सुरक्षित झाला असं धरून चालतात. अँड्रॉइडमध्ये सहसा तसं होत नाही. फोनचं व्हीपीएन फोनवरच्या अ‍ॅप्सना लागू होतं. हॉटस्पॉटवरून आलेली लॅपटॉपची रहदारी त्याला बगल देऊन सरळ मोबाइल नेटवर्कवर जाते. लॅपटॉपवर `curl https://api.ipify.org` टाकून आणि फोनच्या ब्राउझरमध्ये तोच पत्ता उघडून दोन आकडे जुळवून पाहा. ते वेगळे आले, तर लॅपटॉपवर व्हीपीएन अ‍ॅप वेगळं बसवावं लागेल.