‘सर्व्हायव्हर’ म्हणजे कोण? ‘नॉमिनी’ म्हणजे वारस का?

सन १९५९ मध्ये भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि नोकरीनिमित्त विदर्भातील अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्या पिढीतील ज्येष्ठ मंडळी आज बँकेत खाते उघडावयास येतात, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व हिंदी अशा दोन भाषांतील अर्ज येतो. ‘सर्व्हायव्हर’ हा शब्द कळला नाही म्हणून शेजारी पाहावे, तर तेथे ‘उत्तरजीवी’ असा शब्द असतो! नाव, पत्ता, जन्मतारीख हे रकाने कसेही भरले जातात. खरी अडचण दोनच रकान्यांत येते. आणि त्यांतील चूक खातेदाराच्या पश्चात उघडकीस येते.

काही दिवसांपूर्वी शहात्तर वर्षांच्या एक आजी थोरल्या मुलासह आमच्या शाखेत आल्या. मुलगा भिलाईत, धाकटा नागपुरास, तर मुलगी रायपूरला. मुलाने संयुक्त खात्याचा अर्ज भरून आणला होता. व्यवहाराच्या पद्धतीच्या रकान्यात ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ यावर खूण होती. “आजी, याचा अर्थ ठाऊक आहे का?” असे मी विचारले. “आमच्या दोघांचं नाव राहील, एवढंच ना?” त्या म्हणाल्या.

तेवढेच नव्हे. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे ‘दोघांपैकी कोणीही एक, किंवा मागे राहील तो’. दोघांपैकी कोणीही केवळ आपल्या सहीने खात्यातील सर्व रक्कम काढू शकतो. दुसऱ्याची संमती लागत नाही. एकाचे निधन झाल्यास बँक मागे राहिलेल्यास रक्कम देते. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ यात मात्र पहिले नाव ज्याचे, तोच हयातीत व्यवहार करतो. दुसऱ्याचा अधिकार त्याच्या निधनानंतर सुरू होतो. ही पद्धत मुख्यतः मुदत ठेवींसाठी वापरली जाते. ‘जॉइंटली’ लिहिल्यास प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या लागतात, आणि एकाच्या निधनानंतर हयात खातेदार व मृताचे कायदेशीर वारस यांना मिळून रक्कम मागावी लागते.

आजी क्षणभर थांबून म्हणाल्या, “मुलावर माझा विश्वास आहे, बाळ. पण हात चालतो तोवर सही माझीच हवी. आणि माझ्यामागे तिघांना सारखं मिळावं.” मुलानेही ते आनंदाने मान्य केले. आम्ही संयुक्त खात्याचा विचार सोडून एकट्या आजींच्या नावे खाते उघडण्याचे ठरविले.

आता दुसरा रकाना ‘नॉमिनेशन’, हिंदीत ‘नामांकन’, मराठीत नामनिर्देशन. आपल्याकडे ‘नॉमिनी’ला सर्रास ‘वारस’ म्हटले जाते, आणि भावंडांतील वादाचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. नॉमिनी म्हणजे खातेदाराच्या पश्चात बँकेकडून रक्कम स्वीकारणारी व्यक्ती. त्याला रक्कम दिली की बँकेची जबाबदारी संपते. परंतु तेवढ्याने तो त्या रकमेचा मालक होत नाही. रक्कम कोणाची, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवितो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये रामचंदर तलवार प्रकरणात हेच स्पष्ट केले. संयुक्त खात्यात तर सर्व खातेदारांचे निधन झाल्यावरच नॉमिनीचा अधिकार सुरू होतो.

पूर्वी ठेव खात्यास एकच नॉमिनी नेमता येत असे. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार व्यक्तींपर्यंत नावे देता येतात. एकाच वेळी हिस्से ठरवून, किंवा एकाच्या अभावी दुसरा अशा क्रमाने. आजींनी हिस्से ठरविण्याचा पर्याय निवडला. हिश्श्यांची बेरीज बरोबर शंभर टक्के व्हावी लागते. तीन समान भागांत एक टक्का उरतो. दोन्ही मुलांना तेहेतीस-तेहेतीस लिहून आजी हसल्या, “उरलेला एक लेकीला!” मुलीच्या नावापुढे चौतीस लिहिले गेले. मालकीहक्काबद्दलही हीच इच्छा असेल, तर वेगळे मृत्युपत्र करून ठेवावे, हेही त्यांना सांगितले.

आजींनी थरथरत्या हाताने सही केली. अंगठा असता, तर नामनिर्देशनाच्या अर्जावर दोन साक्षीदार लागले असते. सहीला त्यांची गरज नसते.

वाचकांनी आपले पासबुक एकदा उघडून पाहावे. नामनिर्देशन नोंदले असल्याचा उल्लेख त्यावर असावयास हवा. तो नसल्यास शाखेत चौकशी करून अर्जाची पोच मागावी. काऊंटरवरील सहकाऱ्यांनीही ‘येथे सही करा’ म्हणण्यापूर्वी ज्येष्ठ ग्राहकास एवढेच विचारावे: “आपल्या हयातीत पैसे कोणी काढावेत, आणि आपल्यामागे ते कोणाच्या हाती द्यावेत?” या दोन उत्तरांवरून दोन्ही रकाने अचूक भरता येतात.