पेपर संपल्यापासून निकालापर्यंत

2025 साली बारावीची परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू झाली आणि निकाल लागला 5 मे रोजी, दुपारी 1 वाजता. जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात. उत्तरपत्रिका परीक्षकाकडून नियामकाकडे जाते, मग गुण मंडळात पोहोचतात. या सगळ्यात घरच्यांच्या हाती काहीच नसते, आणि घोर लागतो तो त्यामुळेच.

अनिश्चितता मनाला वाईट बातमीपेक्षाही जड जाते. 2016 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी हे तपासले. हाताला विजेचा सौम्य झटका बसणार हे नक्की ठाऊक असताना दिसला त्यापेक्षा, बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना जास्त ताण दिसला.

हा ताण रोज सारखा नसतो. कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची चार महिने वाट पाहणाऱ्यांचा अभ्यास केला. काळजी सुरुवातीला जास्त होती, मध्ये ओसरली आणि निकाल जवळ येताच पुन्हा चढली. म्हणून सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे दिवस वेगवेगळ्या तऱ्हेने काढावे लागतात.

समजा, धरणगावच्या एका मुलीला फिजिक्सचा पेपर अवघड गेला. पहिल्या आठवड्यात ती रोज रात्री गुणांची बेरीज करते. कधी बावन्न येतात, कधी अडतीस. नवी माहिती मिळत नाही, फक्त झोप जाते. अंदाज एकदाच कागदावर लिहावा आणि वही बंद करावी.

मधल्या दिवसांत हातांना असे काम हवे, ज्यात चूक लगेच दिसते आणि थोडे कसब लागते. स्वीनी यांना आढळले की कामात गुंग होणाऱ्यांची वाट पाहणे सुसह्य होते. उन्हाळ्यात खानदेशात घरोघरी ज्वारीचे बिबडे होतात. बिबडा जाड राहिला की थापतानाच कळते, पुढचा पातळ थापावा लागतो. नुसते मोबाइल पाहत बसल्याने असे गुंग होता येत नाही. तिथे ‘निकाल उद्याच’ अशा अफवाच भेटतात. तारीख मंडळाकडूनच घ्यावी.

शेवटच्या आठवड्यात मात्र वाईटाचा विचार टाळू नये. आई-वडिलांसोबत बसून ठरवावे : एखादा विषय राहिला तर जून-जुलैतील पुरवणी परीक्षा. गुण अनपेक्षितपणे कमी पडले, तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत, मग पुनर्मूल्यांकन. गुणपडताळणी वेगळी, तिच्यात उत्तरे पुन्हा तपासत नाहीत. हे सगळे आधी ठरलेले असले की कमी गुण दिसल्या क्षणी पुढे काय, हा प्रश्न उरत नाही.

या उपायांनी काळजी पूर्ण जात नाही. पण सलग दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण तुटले असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. ‘नापास झालो तर जगून काय करू’ असे मूल बोलले, तर त्याला एकटे सोडू नये. टेलि-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर लगेच फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येते.