आई-बाबांना कॅनडाला बोलावताना

कॅनडाच्या व्हिसासाठी आई-बाबांचा अर्ज ऑनलाइन जातो. बोटांचे ठसे आणि फोटो देण्यापुरतं त्यांना केंद्रावर जावं लागतं, पण तिथला माणूस निर्णय घेत नाही. निर्णय घेणारा अधिकारी फार क्वचित कुणाला मुलाखतीला बोलावतो. सातारा जिल्ह्यातल्या निवृत्त गुरुजींचा चेहरा त्याला फोटोपलीकडे दिसत नाही. ते कसे बोलतात, घरी त्यांची काय पत आहे, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. त्यामुळे मुलीने लिहिलेलं निमंत्रणपत्र हाच त्या अर्जातला एकमेव सलग मजकूर असतो. बाकी सगळे रकाने, पावत्या आणि दाखले.

आणि नेमकं तेच पत्र बहुतेक घरांत शेवटच्या रात्री, एजंटकडच्या छापील नमुन्यात नावं घालून तयार होतं. ‘माझे आईवडील मला फार प्रिय आहेत, त्यांना नायगारा दाखवायचा आहे, ते वेळेत परत येतील.’ सगळं खरं असतं, पण अधिकाऱ्याच्या दृष्टीने त्यात तपासण्यासारखं काहीच नसतं.

कॅनडात आईवडील आणि आजीआजोबांसाठी २०११ पासून ‘सुपर व्हिसा’ आहे. तो जास्तीत जास्त १० वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा असतो आणि २०२२ पासून एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं. साध्या व्हिजिटर व्हिसावर साधारण ६ महिनेच मिळतात. मात्र बोलावणारं मूल, किंवा नातवंड, कॅनडाचं नागरिक किंवा परमनंट रेसिडेंट असावं लागतं. मुलगी अजून वर्क परमिटवर असेल तर आई-बाबांनी साधा व्हिसाच मागायचा. सुपर व्हिसात निमंत्रणपत्र सक्तीचं आहे आणि त्यात दोन गोष्टी यायलाच हव्यात: आई-बाबा तिथे असेपर्यंत त्यांचा खर्च मी करेन हे सहीनिशी दिलेलं वचन, आणि घरात किती माणसं आहेत त्याची यादी.

ही यादी साधी वाटते आणि तिथेच गडबड होते. समजा मुलगी मिसिसागाला राहते, नवरा आहे, चार वर्षांची लेक आहे. लोक लिहितात, ‘आम्ही तिघं.’ पण येणारे आई आणि बाबा धरून ही संख्या पाच होते. मुलीचं उत्पन्न पुरेसं आहे की नाही हे कॅनडा सरकार पाच जणांच्या कुटुंबाला किती लागतं त्यावरून ठरवतं, तिघांच्या नाही. नवऱ्याने काही वर्षांपूर्वी स्वतःच्या आईला कायमचं बोलावून घेतलं असेल, तर तिच्यासाठी दिलेली हमी क्युबेक सोडून इतर प्रांतांत २० वर्षं लागू असते. मग त्या सासूबाई स्वतंत्र घरात राहत असल्या तरी मोजायच्या. संख्या सहा. उत्पन्नाचा आकडा दर वर्षी बदलतो. तो अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पाहायचा. एकटीचा पगार कमी पडत असेल तर नवऱ्याचाही धरता येतो, पण मग पत्रावर त्याचीही सही हवी. पगार दोघांचा आणि सही एकटीची, असं पत्र वरचेवर पाहायला मिळतं.

दुसरी अडचण खास आपल्याकडची आहे, आणि ती अधिकाऱ्याला कुणी समजावून सांगत नाही. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव असतं ‘सुमन’, कारण तो दाखला नोंदवायला आजोबा गेले होते आणि घरात तीच हाक होती. पासपोर्टवर ‘सुनंदा’, कारण लग्नात नाव बदललं. मुलीचं स्वतःचं नाव जन्मदाखल्यात वडिलांचं नाव-आडनाव लावून, आणि पीआर कार्डावर नवऱ्याचं. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही. पण मुलगी आणि आई यांच्यातलं नातं सिद्ध करणाऱ्या दोन कागदांवर एकही नाव जुळत नाही, एवढंच अधिकाऱ्याला दिसतं. त्याने मराठी घराण्यातली पद्धत ओळखून घ्यावी ही अपेक्षा फुकट आहे. पत्रात दोन वाक्यांत ते सांगावं आणि नावबदलाचं राजपत्र, विवाह नोंदणीचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र, जे असेल ते जोडावं.

जन्मतारखेचंही तसंच. शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली १ जून ही तारीख आपल्याकडच्या कितीतरी आजी-आजोबांना आहे. घरी वाढदिवस रामनवमीच्या आसपास होत असला तरी पत्रात पासपोर्टवरचीच तारीख. आणि महिना अक्षरात लिहावा, कारण ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, हा घोळ परदेशात हमखास होतो.

आता मुख्य मुद्दा. अर्ज नाकारला जातो तेव्हा सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण कॅनडाच्या नियमावलीतल्या कलम १७९चं असतं: मुदत संपल्यावर हे परत जातील अशी अधिकाऱ्याची खात्री पटली नाही. यावर ‘ते नक्की परत येतील’ असं चारदा लिहून उपयोग नाही. परतण्याची कारणं अशी द्यायची की ज्यांना जोडीला कागद आहे. पेन्शन, घर, सातबारा, त्याच घरात राहणारा धाकटा मुलगा. आणि ती कारणं तारखांशी भांडता कामा नयेत. ‘बाबांना हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात यावंच लागतं,’ असं लिहायचं आणि खाली परतीची तारीख मार्चमधली द्यायची, याने पत्राचा सगळा भरवसा जातो. अर्जाच्या IMM 5257 या फॉर्मवर मुक्कामाच्या तारखा आणि खर्चाचा रकाना असतो; पत्रातला मजकूर त्याच्याशी तंतोतंत जुळला पाहिजे.

भेटीचं कारण लिहिताना लोक विनाकारण घाबरतात. मुलीचं बाळंतपण आहे हे लपवून ‘पर्यटन’ लिहितात. आईने मुलीला बाळ सांभाळायला मदत करणं, मोबदला न घेता, हे काम धरलं जात नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या मार्गदर्शनात हेच उदाहरण दिलेलं आहे. तेव्हा खरं ते लिहावं. फक्त ‘पाळणाघराचा खर्च वाचेल’ असलं काही लिहू नये. तेवढं तारतम्य हवं.

वरच्या कुटुंबाचं पत्र मराठीत असं होईल. परिच्छेदांना आकडे दिले आहेत, त्याचं कारण पुढे येईल.

‘१. मी (पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव), जन्म ९ मार्च १९९०, राहणार मिसिसागा, ऑन्टॅरिओ (पूर्ण पत्ता, फोन). मी कॅनडाची परमनंट रेसिडेंट असून एका बँकेत डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. पीआर कार्डाची प्रत, नोकरीचं पत्र आणि आयकर खात्याचं नोटिस ऑफ असेसमेंट सोबत आहे.

२. मी माझे वडील (पूर्ण नाव, जन्म १ जून १९५५) आणि आई (पूर्ण नाव, जन्म ११ ऑगस्ट १९६०) यांना भेटीसाठी बोलावत आहे. दोघांचा पत्ता: वाई, जि. सातारा (पूर्ण पत्ता, फोन). माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव सुमन आहे. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव सुनंदा आहे. माझंही आडनाव लग्नानंतर बदललं. प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडला आहे.

३. ऑगस्टमध्ये माझं दुसरं बाळंतपण आहे. त्या काळात ते आमच्याजवळ राहतील आणि मोठ्या नातीलाही भेटतील. १५ जुलै २०२६ ला येऊन २० मार्च २०२७ ला परत जाण्याचं ठरलं आहे.

४. ते आमच्या दोन बेडरूमच्या घरात राहतील. सध्या घरात मी, माझे पती (नाव, जन्मतारीख) आणि मुलगी (नाव, जन्मतारीख) असे तिघं आहोत, आई-वडिलांसह पाच. विमानाचं तिकीट वडील स्वतः काढतील. आरोग्य विमा, राहणं, जेवण आणि इतर सर्व खर्च त्यांच्या संपूर्ण मुक्कामात मी व माझे पती करू, असं वचन देतो.

५. वडील जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक असून त्यांना पेन्शन आहे. वाईत त्यांचं घर व शेती आहे. माझा भाऊ कुटुंबासह त्याच घरात राहतो. पेन्शनचे व मालमत्तेचे कागद जोडले आहेत.

(तारीख, दोघांच्या सह्या)’

एवढंच. एका पानात बसतं. नायगारा नाही, भावनांचा पूर नाही. पत्राने व्हिसा मिळेलच असंही नाही, पण अधिकारी विचारेल त्या प्रत्येक प्रश्नाला इथे उत्तर आहे आणि प्रत्येक उत्तराला कागद आहे. नोटरीची गरज दर वेळी नसते. मागितली तर मुलीने ती कॅनडात करून घ्यायची.

सरकारकडे जाईल ते मात्र इंग्रजीतलं पत्र. कॅनडा इंग्रजी किंवा फ्रेंच कागद घेतो. इतर कुठल्याही भाषेतल्या कागदाला भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. दोन्ही भाषा एकाच पानावर शेजारी-शेजारी छापण्याचा मोह टाळावा, नाहीतर आपल्याच पत्राच्या मराठी भागाचं भाषांतर कुणी मागायचं. ग्रामपंचायतीचा जुना मराठी जन्मदाखला, सातबारा, यांचं भाषांतर तर लागतंच. ते मुलीने किंवा इंग्रजीच्या प्राध्यापक असलेल्या मामांनी केलेलं चालत नाही; घरातल्या माणसाचं भाषांतर, तो कितीही शिकलेला असो, स्वीकारलं जात नाही. बाहेरचा भाषांतरकार गाठावा आणि मूळ कागदाची साक्षांकित प्रतही जोडावी. मराठी पत्र कुठेच सादर होत नसल्याने ते मुलीने खुशाल स्वतः लिहावं.

मग ते लिहायचं कशाला? कारण इंग्रजी पत्रात आई-बाबांच्या वतीने पैशांची, तारखांची, परतीची विधानं केलेली असतात आणि बऱ्याचदा ती त्यांना माहीतच नसतात. अपलोड करण्याआधी मराठी पत्र बाबांच्या हातात दिलं की ते सांगतात, ‘अगं, शेती अजून माझ्या नावावर कुठे आहे? सातबारावर आजोबांचंच नाव आहे.’ हे तेव्हाच कळलेलं बरं. पाचवा परिच्छेद दोन्ही भाषांत दुरुस्त करायचा, वारसनोंदीचा कागद असेल तर जोडायचा, नसेल तर शेतीचा उल्लेख काढून टाकायचा.

व्हिसा मिळाल्यावर पत्राचं काम संपत नाही. टोरांटोच्या विमानतळावर सीमा अधिकारी प्रत्यक्ष विचारतो: कुणाकडे आलात, किती दिवस, खर्च कोण करणार? किती काळ राहू द्यायचं हे तोच ठरवतो. हातातल्या पिशवीत दोन्ही पत्रं असावीत, आकडे सारखेच टाकलेली, म्हणजे इंग्रजी न येणाऱ्या आईला मराठीतला तिसरा परिच्छेद वाचून इंग्रजीतल्या तिसऱ्यावर बोट ठेवता येतं. सोबत विम्याची पॉलिसी: किमान १ लाख कॅनेडियन डॉलरची, आल्या दिवसापासून किमान वर्षभराची, पैसे किंवा पहिला हप्ता भरलेली. नुसतं कोटेशन चालत नाही, आणि सुपर व्हिसावर दर वेळी आत जाताना ती मागितली जाऊ शकते. आणि ‘सुपर व्हिसा’ हे दोन शब्द आईने तिथे मोठ्याने म्हणावेत. अधिकाऱ्याच्या नजरेतून ते सुटलं तर पासपोर्टवर नेहमीचे ६ महिनेच पडायचे, आणि पत्रातली मार्चची तारीख तिथेच हुकायची.