बंद पेटीतले पीठ

भाईंदरच्या कुठल्याही जुन्या वस्तीतल्या पिठाच्या गिरणीत पाहिले तर ट्यूबलाइटवर, पंख्याच्या पात्यांवर, भिंतीच्या कोपऱ्यांतल्या जळमटांवर पिठाचा पांढरा थर दिसतो. शेजारीच मोटर गुरगुरत असते, स्टार्टरच्या खटक्यात क्षणभर ठिणगी पडते, आणि तरी वर्षानुवर्षे काही होत नाही. पुस्तकात मात्र लिहिलेले असते की हवेत उधळलेले पीठ दारूसारखे उडते. मग दोन्हींपैकी खरे काय? दोन्ही खरे आहे. गिरणीतला धोका आपली नजर जिथे शोधते तिथे, म्हणजे दळताना उडणाऱ्या धुरळ्यात, जवळपास नसतो. तो असतो यंत्राच्या झाकलेल्या भागांत आणि कित्येक दिवस कुणी न हलवलेल्या थरात. पिठाच्या स्फोटांचा दोनशे वर्षांहून अधिक काळचा इतिहास हेच सांगतो; पण स्फोट झाला की चौकशी होते ती ठिणगीची.

आधी पीठ जळते का ते पाहू. भाईंदरच्या मिठागरांतले मीठ कितीही बारीक दळले आणि आगीवर उधळले तरी त्याचा स्फोट होणार नाही. मिठातले सोडियम आणि क्लोरीन आधीच एकमेकांशी घट्ट जोडलेले आहेत. प्राणवायूला तिथे करण्यासारखे काही उरलेले नसते. तितकीच पांढरी आणि तितकीच निरुपद्रवी दिसणारी पिठीसाखर मात्र उडते, कारण ती इंधन आहे. गव्हाचे पीठ, मक्याचा स्टार्च, डाळीची चुरी, लाकडाचा भुसा हे सगळे तिच्याच जातीचे. एक ग्रॅम पिठातून पोटात जवळजवळ चार किलोकॅलरी मिळतात. आगीतही साधारण तितकीच उष्णता बाहेर पडते. फरक फक्त वेळेचा.

हा वेळ ठरतो पृष्ठभागावरून. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस सेंटिमीटर होतात. त्याचेच एक विसांश मिलिमीटर बाजूचे तुकडे केले, म्हणजे पिठाच्या कणाएवढे, तर त्याच वजनाच्या मालाला १२०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग मिळतो. गव्हाचा अख्खा दाणा बाहेरून करपतो आणि आतला भाग थंड राहतो. पिठाच्या कणाला आत असे काही नसतेच. तो क्षणात तापतो, त्यातून ज्वलनशील वायू सुटतात, ते पेटतात आणि शेजारच्या कणाला तापवतात. ढीग करून ठेवलेल्या पिठाला हे जमत नाही, कारण ढिगाच्या पोटात हवा नाही, तो धुमसतो. कणाभोवती स्वतःपुरती हवा आणि शेजारी दुसरा कण पुरेसा जवळ, अशी स्थिती आली की ज्योत ढगातून धावत सुटते. खोली बंद असेल तर तापलेल्या हवेला पसरायला जागा नसते. चाचणीच्या बंद भांड्यात पिठाच्या ढगाने दाब वातावरणाच्या सात-आठ पटीपर्यंत चढतो. साधी विटांची भिंत त्याच्या पन्नासाव्या-साठाव्या हिश्श्याएवढ्या जादा दाबानेही ढासळू शकते.

आता आपल्या गल्लीतल्या गिरणीचा हिशेब. गाळा दहा फूट बाय बारा फूट, उंची दहा फूट धरली तर आतली हवा सुमारे ३४ घनमीटर होते. गव्हाच्या पिठाचा ढग पेटत राहायला दर घनमीटरला साधारण ५० ते ६० ग्रॅम पीठ तरंगत हवे. म्हणजे अख्ख्या गाळ्यात दोन किलो पीठ एकाच वेळी, सारखे पसरून, हवेत हवे. इतक्या दाट ढगात दोन मीटरवरचा दिवा दिसत नाही, आणि माणसाला तिथे श्वास घेता येणार नाही. दळण चालू असताना गिरणीत जी धूळ डोळ्यांत जाते आणि गिरणीवाल्याच्या भुवया पांढऱ्या करते, ती दर घनमीटरला ग्रॅममध्ये नव्हे, मिलिग्रॅममध्ये मोजायची. स्फोटाच्या मर्यादेपेक्षा ती हजारपटीने विरळ असते. फुफ्फुसाला ती वाईटच, पण उडणारी नाही. ‘आमच्या गिरणीत चाळीस वर्षे काही झाले नाही’ या आक्षेपाचे हे उत्तर आहे, आणि ते आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूने आहे.

पण हेच दोन किलो पीठ हवेत न ठेवता जमिनीवर पसरून पाहू. तेवढ्याच गाळ्याच्या फरशीवर त्याचा थर भरतो एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास. बोटाने नाव लिहिता येईल एवढाच. म्हणजे जो ढग उडवणे माणसाला अशक्य वाटते, त्याचा कच्चा माल रोज पायाखाली आणि डोक्यावर पडलेला असतो. सगळा थर एकदम उठत नाही हे खरे. पण कारखान्यात तुळया, पाइप, केबलच्या पट्ट्या, यंत्रांचे माथे मिळून पृष्ठभाग फरशीच्या कितीतरी पट असतो. त्याला उठवायला फक्त एक धक्का लागतो.

तो धक्का कुठून येतो, याचा उत्तम नमुना ग्लासगो शहरातल्या ट्रेड्स्टन पीठगिरणीचा. ९ जुलै १८७२ रोजी ती उडाली आणि १८ माणसे मेली. रँकिन आणि मॅकअ‍ॅडम या दोघांनी तिची चौकशी केली, आणि त्यांनी लावलेली साखळी आपल्या दगडी गिरणीशी इतकी जुळते की आजही नीट वाचावी. जात्याच्या एका जोडीत वरून येणारे धान्य थांबले. मध्ये दाणा नसताना दगडावर दगड घासला आणि ठिणग्या पडल्या. एवढ्यावर थांबले असते तर थोडे पीठ करपून वास आला असता. पण गिरणीत त्या काळी नवी मानली जाणारी सोय होती : दळताना उठणारी बारीक धूळ पंख्याने ओढून नळ्यांतून एका बंद खोलीवजा पेटीत नेली जाई, म्हणजे कामगारांच्या अंगावर ती येऊ नये. पंख्याने ज्योतही ओढून नेली. पेटीत पिठाचा ढग तयारच होता, नेमक्या प्रमाणात. पेटी फुटली, तिच्या धक्क्याने गिरणीभरची धूळ उठली आणि मागून आलेल्या ज्योतीने ती पेटली. दुसरा स्फोट पहिल्याहून फार मोठा झाला.

यात ठिणगी ही सर्वांत क्षुल्लक कडी आहे. दगड रिकामे फिरणे ही कुठल्याही गिरणीवाल्याला माहीत असलेली, आठवड्यातून कधीतरी होणारी गोष्ट. गल्लीतल्या गिरणीत त्या ठिणगीला जायला पेटी नसते. ती तिथेच विझते.

सव्वाशेहून अधिक वर्षांनी, ७ फेब्रुवारी २००८ रोजी, अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथल्या इंपीरियल शुगर कारखान्यात हीच साखळी साखरेने पुन्हा घडवली आणि १४ जण दगावले. साखरेच्या उंच कोठारांखालच्या बोगद्यातून वाहक पट्टा जात असे. तो कित्येक वर्षे उघडा होता. धूळ उडे, पण बोगद्याच्या मोठ्या जागेत पसरून विरळ होई. २००७ साली साखरेत कचरा पडू नये म्हणून पट्ट्याभोवती पोलादी पत्र्यांचे आवरण घातले गेले. आवरणाला धूळ ओढून नेणारी व्यवस्था नव्हती आणि दाब बाहेर सोडणारी झडपही नव्हती. आत धूळ साचत गेली. बहुधा तापलेल्या एका बेअरिंगने ती पेटवली, असा निष्कर्ष अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने काढला. पहिला स्फोट त्या आवरणात झाला; माणसे मात्र मुख्यतः पुढच्या स्फोटांनी आणि आगीने मेली, कारण शेजारच्या इमारतींत मजल्यांवर आणि यंत्रांवर साखरेचे थर होते. स्वच्छतेसाठी घातलेल्या झाकणाने धोका वाढवला, हे वाचताना चमत्कारिक वाटते. ग्लासगोच्या पेटीनंतर वाटायला नको होते.

आपल्याकडे हा विषय परका नाही. ११ एप्रिल २०२५ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडच्या औद्योगिक वसाहतीत अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार मेले. धातूची भुकटी पिठापेक्षा फार उग्र, त्यामुळे ती तुलना जपून करावी. अधिक जवळचे उदाहरण तेलंगणातल्या पाशमैलारमचे : ३० जून २०२५ रोजी तिथल्या कारखान्यातल्या स्फोटात चाळीसहून अधिक माणसे गेली. तिथे औषधाच्या गोळ्यांत घालतात ती सेल्युलोजची पांढरी पूड बनत असे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती स्टार्चची सख्खी बहीण. ‘रसायनांचा कारखाना’ म्हटले की आपण विषारी द्रवांची पिंपे डोळ्यांपुढे आणतो, आणि पिठासारख्या दिसणाऱ्या पोत्यांकडे पाहतही नाही.

एक आक्षेप कोकणपट्टीतून हमखास येतो : आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत पीठ उडणार कसे? ओलाव्याने फरक पडतो, हे मान्य. तुरीन शहरात १४ डिसेंबर १७८५ रोजी एका पाववाल्याच्या कोठारात दिव्यामुळे पीठ उडाले, त्याची नोंद करणाऱ्या काउंट मोरोत्सोने त्या वर्षीचे पीठ विलक्षण कोरडे होते, कित्येक महिने पाऊस नव्हता, हे आवर्जून लिहिले आहे. पण ओलावा पेटवण्यासाठी लागणारी ठिणगी मोठी करतो, पेटणे बंद करत नाही. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या, बारा-तेरा टक्के पाणी असलेल्या पिठाचाही ढग पेटतो. शिवाय यंत्राच्या आत हवामान बाहेरचे नसते. रोलर मिलमध्ये किंवा धान्याच्या कोठारात माल वर चढवणाऱ्या बकेट एलिव्हेटरच्या उभ्या खोक्यात डोल माल टाकतात तेव्हा रोज, प्रत्येक मिनिटाला, स्फोटक दाटीचा ढग असू शकतो. पट्टा घसरून चाकावर घासू लागला, एखादा डोल तिरका होऊन पत्र्याला लागू लागला, बेअरिंगचे ग्रीस आटले, की उष्णताही तिथेच तयार होते. जळका वास, पट्ट्याचा ओरडा, रंग उडालेले बेअरिंगचे घर ही तिची लक्षणे. ती दिसली की आधी माल थांबवून यंत्र बंद करायचे आणि धुमसणारा गोळा असल्याची शंका असेल तर झाकण घाईने उघडायचे नाही. उघडताना येणारी हवा आणि झटका मिळून धुमसणीचा ढग करतात.

‘मग ठिणग्याच बंद करा’ हे सांगणे सोपे आहे. वेल्डिंगला परवाना, अर्थिंग, धान्यातले खिळे-बोल्ट पकडणारे लोहचुंबक हे सगळे हवेच. पण पिठाचा ढग चारशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या पृष्ठभागानेही पेटतो, आणि वर्षभर फिरणाऱ्या शेकडो बेअरिंगांपैकी एकही कधी तापणार नाही अशी हमी कुणी देऊ शकत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३७ व्या कलमाने म्हणूनच एकट्या ठिणगीवर भिस्त ठेवली नव्हती. यंत्र बंदिस्त असावे, धूळ साचू देऊ नये, पेटवणारे कारण दूर ठेवावे, हे तर त्यात होतेच. पण यंत्र स्फोटाचा दाब सोसण्याइतके मजबूत नसेल तर स्फोट पसरू न देणारे अडसर आणि दाब सोडणाऱ्या वाटा ठेवाव्यात, असेही ते सांगत असे. म्हणजे ठिणगी पडणारच, हे कायद्याने धरले होते. गल्लीतली गिरणी या कलमाच्या कक्षेत सहसा येत नसे, आणि वरचा हिशेब पाहता त्यात फारसे बिघडत नव्हते. बिघडते ते ती वाढते तेव्हा. एका गाळ्याचे तीन होतात, दगडांच्या जागी पल्व्हरायझर येतो, धूळ नको म्हणून सायक्लोन आणि कापडी फिल्टरची बंद पेटी बसते, वर पोटमाळा निघतो. मालक तोच, सवयी त्याच, आणि ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा अनुभवही तोच. पण तो अनुभव ज्या गिरणीचा, ती गिरणी आता राहिलेली नसते.

अशा ठिकाणी तपासणीला गेलेल्याने मोटरकडे पाहण्याआधी शिडी मागावी. तुळईच्या माथ्यावरून, ट्यूबच्या पट्टीवरून बोट फिरवावे. खालच्या रंगाची ओळख पटत नसेल इतका थर असेल तर तो काढायचा दिवस उलटून गेला आहे. तो काढतानाही कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणे म्हणजे दोन किलोंचा ढग आपल्या हाताने तयार करणे. ठिणगी न पडणारा व्हॅक्यूम किंवा मऊ ब्रशने हळू गोळा करणे हाच मार्ग. मग फिल्टरच्या पेटीकडे जावे. तिला दाबाने फुटणारे पातळ पत्र्याचे दार असले, तर ते कुठे उघडते ते पाहावे. खोलीच्या आत उघडत असेल, तर ज्योत आणि धक्का दोन्ही नेमके त्या तुळयांवरच्या थराकडे जाणार. ते भिंतीतून नळीने बाहेर मोकळ्या जागेत उघडायला हवे, आणि बाहेर त्याच्या समोर हमालांची बसायची जागा असता कामा नये.