पिंग लागतो, फाइल अडते

समजा, पुण्यातल्या एका सीए फर्मने हिशेबाचा सर्व्हर ऑफिसातून हलवून ॲमेझॉनच्या मुंबईतल्या क्लाउडवर नेला. ऑफिसचा राउटर आणि क्लाउड यांच्यात साइट-टू-साइट व्हीपीएनचा बोगदा सुरू झाला. पिंग लागतो, लॉगिन होतं. ताळेबंदाची मोठी पीडीएफ उघडायला गेलं की मात्र चक्र फिरतच राहतं. मग इंटरनेटवाल्याला फोन जातात. बिचाऱ्याचा बहुधा काही दोष नसतो.

ऑफिसच्या नेटवर्कवर पॅकेट जास्तीत जास्त 1500 बाइटचं असतं. बोगद्यात शिरताना आयपीसेक ते कुलूपबंद करतं आणि वर आपलं वेष्टण चढवतं. इंटरनेटवरची मर्यादाही 1500 बाइटचीच, त्यामुळे आतल्या पॅकेटला जेमतेम 1400 उरतात. पिंग-लॉगिनची पॅकेटं चिमुकली, ती निघून जातात. फाइलची पॅकेटं गच्च भरलेली, आणि बहुतेकांवर ‘तुकडे करू नका’ अशी खूण असते. ती मावत नाहीत, म्हणून राउटर टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला ‘लहान पाठव’ असा आयसीएमपी निरोप धाडतो. सुरक्षेच्या नावाखाली कुणीतरी फायरवॉलवर पिंगखेरीज सगळं आयसीएमपी बंद केलेलं असलं, तर तो निरोप पोचत नाही. पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो.

खात्री करायला लिनक्सवर मोठा पिंग पाठवावा:

```
ping -M do -s 1472 10.20.1.15
```

1472 मध्ये हेडरचे 28 मिळवले की 1500 होतात. हा अडकला तर आकडा उतरवत जावं. 1372 ला उत्तर आलं आणि त्यापुढे नाही, म्हणजे वाट 1400 ची. त्यातून आयपी आणि टीसीपी हेडरचे 40 वजा केले की 1360 उरतात. सिस्को राउटरवर बोगद्याच्या इंटरफेसखाली एवढंच लिहायचं:

```
ip tcp adjust-mss 1360
```

आता जोडणी होतानाच दोन्ही टोकांना लहान पॅकेटं पाठवण्याची सूचना मिळते.

काम वाढलं की फर्म डायरेक्ट कनेक्टसारखी खासगी लाइन घेते. ती सुरू व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात. पण तिथे आयपीसेकचं वेष्टण नसतं, 1500 चं पॅकेट अख्खं जातं आणि वेगही स्थिर राहतो. (वेष्टण नाही म्हणजे कुलूपही नाही; लाइन खासगी असली तरी मजकूर आपोआप एन्क्रिप्ट होत नाही.) शहाणी मंडळी जुना व्हीपीएन राखीव ठेवतात. मात्र राउटर बदलताना 1360 ची ओळ नव्या राउटरवर घालायची राहून जाते. पुढे कधीतरी खोदकामात केबल तुटते, वाहतूक आपसूक व्हीपीएनवर वळते, मॉनिटरवर सगळं हिरवं दिसतं आणि पीडीएफ पुन्हा अडते. म्हणून राखीव मार्गाची चाचणी घ्यायची तर खासगी लाइन मुद्दाम बंद करून एखादी मोठी फाइल कॉपी करून बघावी. नुसत्या पिंगवर भागवू नये.