दसऱ्याची गाडी, पाडव्याची गाडी

२०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला आला आणि दिवाळीचा पाडवा २२ ऑक्टोबरला. गाडी घ्यायला दोन्ही मुहूर्त उत्तम. शोरूमच्या दारात दोन्ही दिवशी सारखीच गर्दी. पण ज्यांना गाडी धंद्याच्या हिशेबात घ्यायची होती, त्यांच्यासाठी या वीस दिवसांत एक रेघ पडलेली होती. दसऱ्याला रस्त्यावर आलेल्या गाडीला त्या आर्थिक वर्षात पूर्ण घसारा मिळाला, पाडव्याच्या गाडीला अर्धा.

ही रेघ १८० दिवसांची आहे. आयकर कायद्यात धंद्यासाठी वापरलेल्या मोटारीवर दरवर्षी १५ टक्के घसारा मिळतो. घसारा म्हणजे वापरामुळे वस्तूची किंमत उतरते असं धरून नफ्यातून वजा होणारी रक्कम. मात्र खरेदीच्या वर्षी गाडी ३१ मार्चपर्यंत १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली असेल, तर दर निम्मा होतो, म्हणजे साडेसात टक्के. ३१ मार्च २०२६ पासून मागे मोजत गेलं की १८०वा दिवस ३ ऑक्टोबर २०२५ ला येतो. दसरा एका दिवसाने आत होता. पाडव्यापासून मोजले तर १६१ दिवसच भरतात.

इथे बुकिंगची तारीख कामाची नाही. गाडी मालकीची झाली आणि धंद्याच्या वापरात आली तो दिवस मोजला जातो, आणि तो दाखवायला डिलिव्हरीची नोंद, नोंदणी, विमा आणि पहिल्या इंधनाचं बिल उपयोगी पडतं. सप्टेंबरात पैसे भरले, पण गाडी ऑक्टोबरच्या मध्यावर आली, तर अर्धाच घसारा. अर्थात उरलेला अर्धा बुडत नाही, तो पुढच्या वर्षांवर सरकतो. याच नियमाची दुसरी बाजू अशी की १९ मार्च २०२६ च्या गुढीपाडव्याला घेतलेली गाडी जेमतेम तेरा दिवस चालली, तरी तिलाही साडेसात टक्के मिळतात.

आकडे कसे चालतात हे पाहायला कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतलं एखादं लहान मशीन शॉप डोळ्यांसमोर आणू. मालक एकटाच आहे, वह्या नीट लिहिल्या जातात, वर्षाचा नफा तीस लाखांच्या घरात आहे. म्हणजे नव्या करप्रणालीत चोवीस लाखांच्या वरच्या प्रत्येक रुपयावर तो ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ३१.२ टक्के देतो. त्याने दसऱ्याला बारा लाखांची पेट्रोल गाडी घेतली आणि ती पूर्णपणे कामासाठी वापरली, असं सध्या धरू.

पहिल्या वर्षी बारा लाखांवर १५ टक्के, म्हणजे १,८०,००० रुपये घसारा. तेवढ्याने नफा कमी दिसतो आणि कर ५६,१६० रुपयांनी वाचतो. दुसऱ्या वर्षी घसारा मूळ किमतीवर नाही, उरलेल्या १०,२०,००० वर मोजायचा. तो होतो १,५३,०००. तिसऱ्या वर्षी आणखी कमी. असं करत पाच वर्षांत एकूण घसारा सुमारे ६,६७,५०० होतो आणि वहीत गाडीची किंमत सुमारे ५,३२,५०० उरते. पाच वर्षांत वाचलेला कर दोन लाख आठ हजारांच्या आसपास.

इथे एक गैरसमज हमखास भेटतो. ‘बारा लाखांची गाडी धंद्यात टाकली की बारा लाख वाचतात’ असं गावोगाव बोललं जातं. वाचतो तो घसाऱ्यावरचा कर, घसारा नव्हे. मालकाच्या खिशातून बारा लाख गेलेच आहेत. पहिल्या वर्षी त्यातले छप्पन हजार परत आले, इतकंच.

बारा लाख हा आकडाही तपासून घ्यावा लागतो. चालक धरून तेरापर्यंत आसनं असलेल्या गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट बहुतेक धंद्यांना मिळत नाही. टॅक्सी, गाड्यांची विक्री, ड्रायव्हिंग स्कूल अशांचा अपवाद आहे. म्हणून मशीन शॉपच्या मालकाला तो जीएसटी गाडीच्या किमतीतच धरावा लागतो आणि त्यावर घसारा मिळतो. नोंदणीचा खर्च आणि रस्ता करही किमतीत जातो, तर विमा त्या-त्या वर्षाचा खर्च म्हणून वेगळा लिहिला जातो. आणि टोकन म्हणून पन्नास हजार रोख दिले असतील, तर ती रक्कम घसाऱ्याच्या हिशेबातून बादच होते. मालमत्तेसाठी एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली, तर कायदा ती किमतीत धरत नाही. पावती कितीही पक्की असली तरी नाही.

मग घरच्या वापराचा प्रश्न येतो. सकाळी वर्कशॉपला गेलेली गाडी रविवारी जोतिबाला जाते, मे महिन्यात कोकणात उतरते. एकट्या मालकाच्या धंद्यात अधिकारी अशा वापराच्या प्रमाणात घसारा कमी करू शकतो. वीस टक्के वापर घरचा ठरला, तर पहिल्या वर्षीच्या १,८०,००० पैकी १,४४,००० एवढाच मान्य होईल. इंधन, दुरुस्ती आणि कर्जाच्या व्याजालाही तीच कात्री लागते. यावर उपाय म्हणजे गाडीत ठेवलेली साधी वही: तारीख, कुठे गेलो, कशासाठी, किती किलोमीटर. बहुतेक जण ती ठेवत नाहीत आणि मग सीए अंदाजाने टक्केवारी टाकतो. अंदाजाची बाजू मांडणं कठीण असतं.

गाडी कंपनीच्या नावावर घेतली की ही विभागणी टळेल, असा सल्ला काही जण देतात. पण खासगी मर्यादित कंपनी ही मालकापेक्षा वेगळी व्यक्ती असते, त्यामुळे संचालकाने घरासाठी गाडी वापरली की त्याच्या पगारात त्या सोयीचं मूल्य मिळवावं लागतं. शिवाय महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला रस्ता कर व्यक्तीपेक्षा बराच जास्त, जवळजवळ दुप्पट पडतो. तो पैसा पहिल्याच दिवशी जातो.

आता ज्यांना यातलं काहीच मिळत नाही त्यांच्याविषयी, कारण त्यांची संख्या मोठी आहे आणि शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही. समजा, किराणा दुकानदाराचं वर्षाचं एकूण उत्पन्न अकरा लाख आहे. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंत सवलतीमुळे कर शून्य होतो. जिथे करच नाही, तिथे घसाऱ्याने वाचायचं काय? दुसरा गट अंदाजित नफ्याची योजना घेणाऱ्यांचा. उलाढालीच्या ८ टक्के, किंवा बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा दाखवायचा आणि वह्यांच्या जंजाळातून सुटायचं, अशी ही सोय. या ठरावीक नफ्यात घसारा आधीच धरलेला असतो, तो पुन्हा वजा करता येत नाही. आणि वहीतली गाडीची किंमत मात्र, घसारा घेतल्याप्रमाणे, दरवर्षी खाली येत राहते. पुढे हा दुकानदार नेहमीच्या पद्धतीवर आला, तर त्याला उरलेल्या किमतीवरूनच सुरुवात करावी लागते.

खरा उलगडा गाडी विकताना होतो.

शिरोलीच्या मालकाने सहाव्या वर्षी ती गाडी पाच लाखांना विकली असं समजा. आयकरात एकेक वस्तू सुटी मोजत नाहीत. एकाच प्रकारच्या, एकाच दराच्या वस्तूंचा ब्लॉक असतो. मोटार आणि लेथ मशीन दोन्ही १५ टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये बसतात. विक्रीचे पाच लाख या ब्लॉकमधून वजा होतात आणि गाडीचे उरलेले सुमारे ३२,५०० रुपये लेथच्या सोबतीने पुढेही थोडेथोडे घसरत राहतात. गाडी गेली तरी तिची शेपटी वहीत राहते. त्यावरचा दहा हजारांचा कर पुढे सावकाश वाचेल. तो धरला तर एकूण बचत २,१८,४०० रुपये होते.

हा आकडा लक्षात ठेवून विजेच्या गाडीकडे वळू. तिला घसाऱ्याचा दर ४० टक्के आहे. तेवढीच बारा लाखांची इलेक्ट्रिक गाडी त्याच दिवशी घेतली असती, तर पहिल्याच वर्षी ४,८०,००० घसारा आणि सुमारे दीड लाखाचा कर वाचला असता. पाच वर्षांत बचत ३,४५,००० च्या पुढे जाते आणि वहीत गाडी ९३,३१२ रुपयांवर येते. तीही पाच लाखांना गेली असं धरलं, तर ४,०६,६८८ रुपये जास्त आले. ४० टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये दुसरं काही नसेल, तर ही रक्कम अल्पकालीन भांडवली नफा ठरते आणि तिच्यावर ३१.२ टक्क्यांनी १,२६,८८७ रुपये कर लागतो. तो वजा केला की निव्वळ बचत उरते २,१८,४००. पेट्रोल गाडीची जेवढी, तेवढीच.

हा योगायोग नाही. बारा लाखांची वस्तू पाच लाखांना गेली, खरी झीज सात लाखांची झाली, आणि सात लाखांचे ३१.२ टक्के म्हणजे २,१८,४००. घसाऱ्याचा दर कोणताही असो, करदर तोच राहिला तर शेवटी कायदा खऱ्या झिजेएवढीच वजावट देतो. मालकाची गाडी त्याला सात लाखांऐवजी सुमारे ४,८१,६०० ला पडली. दर ठरवतो तो फक्त काळ: पैसे आज हातात, की हळूहळू. चाळीस टक्क्यांत मिळालेली जादा सूट म्हणजे सरकारने काही वर्षं बिनव्याजी वापरायला दिलेली रक्कम. वर्कशॉपवर नऊ-दहा टक्क्यांचं कर्ज असणाऱ्याला तिची किंमत आहे, पण ती बक्षीस समजून खर्च केली की विक्रीच्या वर्षी सव्वा लाखाचा कर अंगावर येतो.

त्या वर्षी जीएसटीही दारात उभा असतो. नोंदणीकृत व्यावसायिकाने घसारा घेतलेली जुनी गाडी विकली, तर विक्रीची किंमत आणि वहीतली किंमत यांच्या फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो. १६ जानेवारी २०२५ पासून सगळ्या जुन्या गाड्यांना, विजेच्याही, हाच दर आहे. फरक उणे असेल तर काही नाही, म्हणून पेट्रोल गाडीवर शून्य. इलेक्ट्रिक गाडीवर मात्र ४,०६,६८८ चे १८ टक्के, म्हणजे ७३,२०४ रुपये. तिचा खरीददार बहुधा घरगुती असतो आणि जीएसटी वेगळा द्यायला तयार नसतो, त्यामुळे हा बोजा बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या पाच लाखांतूनच जातो.

भांडवली नफ्याचा कर पुढे ढकलायचा एक सरळ मार्ग आहे. त्याच आर्थिक वर्षात, ३१ मार्चच्या आत, दुसरी इलेक्ट्रिक गाडी धंद्यासाठी घेतली तर ब्लॉक रिकामा होत नाही. नव्या गाडीच्या किमतीतून जुनीचे पाच लाख वजा होतात आणि उरलेल्यावर घसारा सुरू होतो. जुनी गाडी मार्चमध्ये विकून नवी एप्रिलमध्ये घेतली, तर हे जमत नाही. म्हणून विक्रीचा सौदा ठरवण्याआधी नव्या गाडीच्या डिलिव्हरीची तारीख लेखी घ्यावी आणि ती सीएला दाखवावी.