नावापुरता इंडेक्स

ऑनलाइन दुकानाचं नवं रिलीज रात्री दोनला झालं आणि सकाळी दहाला साइट बंद पडली, असं समजा. डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीएने दुपारी पाठवलेल्या ईमेलमध्ये पहिला प्रश्न हाच असायला हवा: मधले आठ तास सगळं ठीक कसं चाललं?

रिलीजमध्ये मोबाइल नंबरवरून जुन्या ऑर्डरी शोधायची सोय आली होती. ऑर्डरींच्या तक्त्यात दोन कोटी नोंदी. नंबरांचा इंडेक्स असेल, तर पुस्तकामागच्या सूचीसारखं थेट हव्या त्या पानावर जाता येतं आणि उत्तर काही मिलिसेकंदांत मिळतं. तो नसेल, तर डेटाबेस दोन्ही कोटी नोंदी चाळतो. त्याला, समजा, चार सेकंद लागतात. रात्री ग्राहक मोजकेच, त्यामुळे हे जाणवलं नाही. सकाळी सेकंदाला पन्नास जण शोधू लागले. प्रत्येकाचं काम चार सेकंद चालणार, म्हणजे एका वेळी दोनशे जोडण्या हव्यात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ही मर्यादा मुळात शंभरच्या आसपास असते. जोडण्या संपल्या आणि ज्यांना फक्त लॉगिन करायचं होतं, तेही बाहेर अडकले.

इंडेक्स बनवायची आज्ञा रिलीजमध्ये होतीच, मग तो गेला कुठे? विक्री थांबू नये म्हणून तो `CONCURRENTLY` पद्धतीने, म्हणजे नव्या नोंदी चालू ठेवून, बनवायचा होता. पहिल्या वेळी वेळमर्यादा संपली आणि काम अर्ध्यावर तुटलं. अशा वेळी अर्धवट इंडेक्स त्याच नावाने मागे राहतो. स्क्रिप्ट पुन्हा चालवली, पण आज्ञेत `IF NOT EXISTS` होतं. ही अट फक्त नाव पाहते, इंडेक्स वापरण्याजोगा आहे की नाही हे तपासत नाही. नाव सापडलं, स्क्रिप्ट पुढे गेली आणि रिलीज यशस्वी ठरलं. शोध घेताना डेटाबेस असा इंडेक्स वापरत नाही. नवी नोंद झाली की त्यात भर घालण्याचा भार मात्र सोसावा लागतो.

निदान दोन पायऱ्यांत होतं. `EXPLAIN` आज्ञेच्या उत्तरात `Seq Scan` दिसला, म्हणजे अख्खा तक्ता वाचला जातोय हे कळलं. मग अर्धवट इंडेक्स शोधायचे:

```sql
SELECT indexrelid::regclass
FROM pg_index
WHERE NOT indisvalid;
```

आधी शोधाची सोय तात्पुरती बंद केली आणि अडकलेल्या क्वेरी रद्द केल्या. साइट लगेच सावरली. नंतर अर्धवट इंडेक्स काढून नवा बनवला. तो पूर्ण झाल्याची खात्री करूनच सोय पुन्हा सुरू केली.

ईमेलच्या शेवटी ‘पुढच्या वेळी काळजी घेऊ’ एवढंच लिहिणं पुरेसं नाही. वरची तपासणी रिलीजचीच एक पायरी व्हायला हवी: एक जरी अर्धवट इंडेक्स सापडला, तरी नवा कोड ग्राहकांपर्यंत जाता कामा नये. चाचणीही लाखो नोंदींवर घ्यायला हवी, कारण हजार नोंदींच्या तक्त्यात इंडेक्स असो वा नसो, उत्तर झटकन येतं.